अनुकंपी, परानुकंपी आणि घामाची ओळ

तुळशीवृंदावन
नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी स्वायत्त मज्जासंस्थेच्या, म्हणजे हृदय, श्वास, घाम आपोआप चालवणाऱ्या मज्जातंतूंच्या दोन शाखांचा उजळणीचा तक्ता मराठीत करतेय. शब्द रूढ आहेत तेच घेतले, अनुकंपी आणि परानुकंपी. चाचणीत चौघींनी रकाने उलटे भरले. एकीला विचारलं तर म्हणाली, "मॅडम, अनुकंपा म्हणजे दया ना? मग ती हृदयाला आराम देईल." तिचं काय चुकलं? अनुकंपा तत्त्वावरची नोकरी सगळ्यांना ठाऊक, दुसरा अर्थ तिला कोण सांगणार? पर्यायी शब्द सुचवा.

| अवयव | अनुकंपी | परानुकंपी |
|---|---|---|
| हृदय | बीटा-१, ठोके वाढतात | एम-२, ठोके मंदावतात |
| श्वासनलिका | बीटा-२, रुंदावतात | एम-३, आकसतात |
| डोळ्याची बाहुली | अल्फा-१, मोठी होते | एम-३, बारीक होते |
| घामग्रंथी | अल्फा?, घाम सुटतो | – |

अल्फा, बीटा, एम हे ग्राही, म्हणजे अवयवावर रसायनाचा निरोप घेणारे. तक्त्याच्या डोक्यावर लिहिलंय: अनुकंपीचा प्रेषक, म्हणजे तंतू सोडतो ते रसायन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, परानुकंपीचा अ‍ॅसिटिलकोलीन.

शब्दवेडा
शब्द बदलू नका, उलगडून सांगा. अनु अधिक कंप, म्हणजे दुसऱ्याबरोबर कापणं. दया हा नंतरचा अर्थ. मूळ ग्रीक शब्दही 'बरोबर सोसणे' असाच आहे. एका अवयवाला झालं की दुसऱ्याला कळतं, ही जुन्या वैद्यांची कल्पना त्यात आहे. धाप, धडधड, थरथर सगळं एकदम होतं, तेव्हा 'कंप' किती चपखल बसतो बघा! खटकतं ते 'परा'. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ शेजारी. आपल्याकडे पराजय, पराभव यांमुळे उलटेपणाचा वास येतो.

रात्रपाळी
वॉर्डात कोणी अनुकंपी म्हणत नाही. सरळ सिंपथेटिक लिहा.

तुळशीवृंदावन
ताई, सिंपथी म्हणजे तरी काय? तीही दयाच. घोटाळा तिथेच राहतो.

खडूफळा
औषधशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून सांगतो. शब्दाआधी घामाची ओळ बघा. तिथे अल्फा नको, एम-३ हवा.

निनाद_क
सर, हे पटत नाही. भीतीनं घाम फुटतो, भीती म्हणजे अ‍ॅड्रेनॅलिन. मग घाम परानुकंपीच्या ग्राहीवर कसा?

खडूफळा
निनाद, निम्मं बरोबर आहे. भीतीत घामाचा हुकूम अनुकंपी मज्जातंतूच नेतो. पण ग्रंथीपाशी पोचल्यावर तो नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सोडत नाही, अ‍ॅसिटिलकोलीन सोडतो. 'परानुकंपीचा ग्राही' ही भाषाच सोडा. ग्राहीला समोर कोणतं रसायन आलं एवढंच कळतं, ते कोणत्या तंतूनं आणलं हे कळत नाही. अनुकंपी हे नाव तंतू मज्जारज्जूच्या कोणत्या भागातून निघतो त्यावरून आहे: छाती आणि कंबर. परानुकंपी मेंदूच्या बुडातून आणि माकडहाडाजवळून. रसायनावरून वेगळी नावं हवीत हे हेन्री डेलनं 1933 मध्येच सांगितलं होतं.

कपाशीवाला
विषय निघाला म्हणून विचारतो. माझ्या भावाला फवारणीत विषबाधा झाली होती. अंगातून पाणी निथळत होतं, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. तक्त्याप्रमाणे घाम डावीकडे आणि बारीक बाहुल्या उजवीकडे. दोन्ही एकदम कसं?

खडूफळा
दादा, फार नेमकं पाहिलंत. सेंद्रिय फॉस्फरसची कीटकनाशकं अ‍ॅसिटिलकोलीन मोडणारं विकर बंद पाडतात. मग ते जिथे जिथे सुटतं तिथे साचतं, घामग्रंथीतही. म्हणून घाम आणि बारीक बाहुल्या सोबतच येतात. उतारा म्हणून देतात ते अ‍ॅट्रोपिन एम जातीचे ग्राही अडवतं.

कपाशीवाला
हो, दर थोड्या वेळानं छाती ऐकून इंजेक्शन देत होते. तोंड कोरडं पडलं, घाम थांबला. पण हातापायांचे स्नायू फडफडत राहिले.

खडूफळा
कारण हाडांना जोडलेल्या स्नायूंवर निकोटिन जातीचे ग्राही असतात, तिथे अ‍ॅट्रोपिनचं काही चालत नाही. डोस पुरा झाला का, हे छातीतली घरघर गेली का यावरून ठरवतात. नुसत्या बाहुलीवर विसंबलं तर फसगत होते, ती मागाहून मोठी होऊ शकते.

रात्रपाळी
घामाची एक ओळ नीट असती तर मला ही लक्षणं पाठ करावी लागली नसती.

तुळशीवृंदावन
तक्त्याच्या डोक्यावरची प्रेषकाची ओळ काढते आणि प्रेषकाचा रकाना प्रत्येक अवयवापुढे देते. घाम: अनुकंपी, अ‍ॅसिटिलकोलीन, एम-३. पण सर, शब्दाचं काय?

खडूफळा
मी 'छाती-कंबर' आणि 'शिर-माकडहाड' म्हणेन. ओबडधोबड आहे, पण फसवत नाही.

शब्दवेडा
मग माकडहाडही चुकलं! नस निघते त्रिकास्थीपासून, माकडहाड त्याच्या खाली. आणि सर मज्जातंतू म्हणतात, विश्वकोशात तंत्रिका, आमच्या शाळेत चेतातंतू. आधी ते ठरवू.

खडूफळा
त्रिकास्थी, मान्य. पण मज्जातंतू सोडणार नाही, पेशंटला तोच कळतो.