मदत हवी आहे: रखडलेल्या वेतनवाढीचे 16 महिन्यांचे एरियर्स नक्की किती? ऑफिसचा आकडा पटत नाही

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात लिपिक आहे, लेव्हल 2. मे 2023 मध्ये बदली होऊन नाशिकला आले. सर्व्हिस बुक जुन्या ऑफिसातून यायला उशीर झाला आणि 1 जुलै 2023 च्या वेतनवाढीच्या यादीत माझं नावच आलं नाही. बेसिक 23,800 वर अडकलं. पुढच्या जुलैत वाढ मिळाली, पण ती 23,800 धरूनच, म्हणजे 24,500.

तेव्हापासून अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज. शेवटी मागच्या महिन्यात आदेश निघाला: 1.7.2023 पासून 24,500 आणि 1.7.2024 पासून 25,200. नोव्हेंबर 2024 चा पगार नवीन बेसिकवर निघतोय. जुलै 2023 ते ऑक्टोबर 2024 असे 16 महिने थकले आहेत.

आमच्या बिल क्लार्कने कागदाच्या कपट्यावर हिशेब करून दिला: ऑक्टोबरचा फरक 1,211, गुणिले 16, म्हणजे 19,376. मी स्लिपा काढून महिन्यामहिन्याचं जुळवायला बसले तर एकही महिना 1,211 येईना. जुलै 2023 च्या स्लिपवर डीए 42 टक्के दिसतो, जानेवारी 2024 च्या स्लिपवर एचआरए 18 टक्के. डोकं गरगरलं. बरोबर पद्धत कोणी सांगेल का?

साधामाणूस

क्लार्कचं चुकलं हे नक्की. डीए ज्या त्या महिन्याचा लावायचा, आजचा नाही. जुलै ते डिसेंबर 2023 ला 46, जानेवारी ते जून 2024 ला 50, जुलै 2024 पासून 53. एचआरए नाशिकला (वाय शहर) डिसेंबर 2023 पर्यंत 18 आणि जानेवारी 2024 पासून 20. टीए विसरा, तो फ्लॅट असतो, वेतनवाढीने बदलत नाही. म्हणजे खरा आकडा 19,376 पेक्षा कमीच येईल. ऑफिसला सांगू नका, गुपचूप घ्या. 😀

शाळेच्या_वाटेवर

माझं पण असंच आहे. आम्ही जिल्हा परिषदेचे शिक्षक, सातव्या वेतनाच्या फरकाचा शेवटचा हप्ता अजून यायचाय. तुमचे पैसे रोख येणार की पीएफमध्ये जमा? आमच्याकडे जुन्या पेन्शनवाल्यांचे पीएफला गेले आणि एनपीएसवाल्यांना रोख, त्यावरून स्टाफरूममध्ये रोज भांडण.

गोदाकाठ

ताई, तुमचा तो आयोगाचा फरक, पाच हप्त्यांतला. माझी एकटीचीच वाढ राहिली होती, एकाच बिलात रोख निघेल असं म्हणतात.

@साधामाणूस, 42 चं कोडं मात्र सुटलं नाही. माझ्या हातातल्या स्लिपवर 42 आहे.

जुना_खतावणीवाला

लेखा विभागातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण ड्यू-ड्रॉन, म्हणजे मिळायला हवं ते आणि मिळालं ते यांचा तक्ता, दिसला की हात शिवशिवतात.

आधी स्लिपचं. 46 टक्के डीए 1 जुलै 2023 पासून लागू, पण घोषणा झाली ऑक्टोबरात. त्यामुळे जुलैच्या स्लिपवर 42 च असणार. वरचे 4 टक्के नंतर डीएचा फरक म्हणून वेगळे मिळाले. 50 टक्के डीए आणि 20 टक्के एचआरए जानेवारी 2024 पासून, कळलं मार्चमध्ये. 53 टक्क्यांचं तसंच, ते यंदा दिवाळीच्या तोंडावर आलं. म्हणून ड्रॉनच्या रकान्यात स्लिपचा आकडा जसाच्या तसा उतरवायचा नाही. त्या महिन्यापोटी नंतर जे जे मिळालं ते त्या महिन्यातच मिळवायचं. नाहीतर ड्यू 46 ने आणि ड्रॉन 42 ने लागतो, एकदा मिळालेला डीए दुसऱ्यांदा निघतो आणि दोन वर्षांनी ऑडिटवाले वसुली लावतात.

आता टीए. साधामाणूस म्हणतात तो फ्लॅट असतो, आणि शंभरातल्या नव्वद लोकांच्या बाबतीत ते खरंच आहे. पण लेव्हल 1 आणि 2 ला एक पायरी आहे. ऑगस्ट 2017 च्या दुरुस्तीने या दोन लेव्हलमध्ये बेसिक 24,200 किंवा त्याहून जास्त असलेल्याला लेव्हल 3 चा दर मिळतो. नाशिकसारख्या शहरात 900 ऐवजी 1,800, त्यावर डीए. बाईंची रखडलेली वाढ नेमकी 23,800 वरून 24,500 वर जाते, म्हणजे ती पायरी ओलांडते. नागपूर किंवा पुण्यात असत्या तर 1,350 चे 3,600 झाले असते.

एक महिना मांडून दाखवतो, जुलै 2023. ड्यू: बेसिक 24,500, डीए 11,270, एचआरए 4,410, टीए डीएसकट 2,628, एकूण 42,808. ड्रॉन: 23,800, 10,948, 4,284 आणि 1,314, एकूण 40,346. फरक 2,462. यातले 1,314 एकट्या टीएचे, बेसिकच्या 700 पेक्षा जवळजवळ दुप्पट!

डिसेंबरपर्यंत सहा महिने हाच फरक. जानेवारी 2024 पासून बेसिकचे 700, डीएचे 350, एचआरएचे 140 आणि टीएचे 1,350, मिळून 2,540. जुलै 2024 पासून मात्र ड्रॉनमध्येच 24,500 असल्यामुळे टीए 1,800 ने मिळालेला असणार. तिथून टीएचा फरक शून्य, उरतात 700, 371 आणि 140, म्हणजे 1,211. तुमच्या क्लार्कने नेमके हे शेवटचे चार महिने पाहून 16 ने गुणलं. चुकला, पण तुमच्या तोट्यात.

एक विचारतो. या 16 महिन्यांत कधी पूर्ण कॅलेंडर महिना रजा होती का?

गोदाकाठ

हो, मे 2024. आईचं ऑपरेशन होतं, 1 ते 31 अर्जित रजा. त्या स्लिपवर टीए शून्य आहे. काका, जुलै 2024 पासून टीए वाढलेला आहे हेही आत्ता पाहिलं. मला वाटलं होतं डीएमुळे वाढला असेल.

जुना_खतावणीवाला

मग मे मध्ये ड्यूलाही टीए शून्य. पूर्ण महिना कामावर नसलं की टीए नाही, बेसिक कितीही असो. एचआरए चालू राहतो. मे चा फरक 1,190.

सहा महिने 2,462 ने 14,772. पुढचे पाच महिने 2,540 ने 12,700, शिवाय मे चे 1,190. शेवटचे चार 1,211 ने 4,844. बेरीज 33,506.

यातून एनपीएसची तुमची 10 टक्के वर्गणी कापली जाईल, पण ती फक्त बेसिक आणि डीएच्या फरकावर. तो फरक 16 महिन्यांचा 16,716 होतो, म्हणजे कपात साधारण 1,672. हातात 31,834 च्या आसपास. त्याच 16,716 वर सरकारचा 14 टक्के हिस्सा, सुमारे 2,340, तुमच्या प्रान खात्यात गेला पाहिजे. बिल निघाल्यावर लोक हातातली रक्कम मोजतात आणि हे बघायचं विसरतात.

साधामाणूस

टीएचं कबूल, माझी लेव्हल 6 असल्याने कधी संबंधच आला नाही. गुपचूप घ्या म्हटलं तेही मागे घेतो.

पण काका, रजेत असताना वाढीचा पैसा मिळतो का? आमच्या इथे एक जण 1 जुलैला रजेवर होता, त्याला हजर झाल्या तारखेपासून मिळाला.

जुना_खतावणीवाला

ते वेगळं प्रकरण. रजेचं वेतन रजेवर जाण्याआधीच्या पगारावर ठरतं. तुमचा माणूस 1 जुलैला रजेवर होता, म्हणून वाढ कागदावर त्या दिवशी आणि पैसा हजर झाल्यापासून. इथे वाढ जुलै 2023 ची, तेव्हा बाई कामावर होत्या, आणि रजा दहा महिन्यांनी. रजेआधीचा त्यांचा पगार आता 24,500 च धरला जाणार.

एक्सेलवेडा

मी तक्ता करून ठेवतो. प्रत्येक महिन्याला एक ओळ, B मध्ये ड्यू बेसिक, C मध्ये ड्रॉन बेसिक, D मध्ये डीएचा दर. डीएचा फरक असा काढा:

```
=ROUND(B2*D2,0)-ROUND(C2*D2,0)
```

फरकाच्या बेसिकवर थेट दर लावला तर कधी कधी एका रुपयाचा घोळ होतो आणि बिल परत येतं. दोन्ही बाजू आधी पूर्णांकात आणून मग वजा करा. आणि थकबाकीवर कर सवलत मागायचा 10E फॉर्म विसरू नका, नाहीतर टॅक्स बसेल.

जुना_खतावणीवाला

10E मागच्या वर्षाच्या भागापुरता. मार्च 2024 पर्यंतचे 22,392 होतात, बाकी 11,114 याच वर्षातले. पण यांचं वर्षाचं उत्पन्न सात लाखांच्या बरंच खाली आहे. नवीन पद्धत घेतली असेल तर कर शून्यच, सवलत कशातून मागणार?

गोदाकाठ

नवीन पद्धतच घेतलीय. तक्ता करून उद्या देते.

गोदाकाठ (आठ दिवसांनी)

मंडळी, तक्ता दिला. क्लार्कने आधी तोंड वाकडं केलं, मग ऑगस्ट 2017 ची दुरुस्ती स्वतःच शोधून काढली. बेसिक, डीए आणि एचआरएचा फरक मान्य झालाय, बिल या आठवड्यात जाईल. काकांच्या आकड्यांतून टीए वगळला की ती रक्कम 18,872 येते, तेवढीच त्यांची आली.

टीएच्या 14,634 वर मात्र आक्षेप आला. लेखा शाखेचं म्हणणं, आदेशात फक्त वेतन निश्चितीचा उल्लेख आहे, टीएचा नाही, म्हणून वेगळी मंजुरी हवी. क्लार्कच्या आधीच्या 19,376 पेक्षा कमीच हातात येणार आत्ता.

जुना_खतावणीवाला

टीए बेसिकवरून आपोआप ठरतो, मला तरी वेगळ्या मंजुरीचं कारण दिसत नाही. जुलै 2024 पासून 1,800 लावला तेव्हा कुठे वेगळा आदेश काढला होता, हे लेखी विचारा. पण काही शाखा अडून बसतात हेही खरं, आमचीही बसायची. पहिलं बिल थांबवू नका. ते घेताना सही करायच्या कागदावर 'पूर्ण व अंतिम' असं काही नाही ना, तेवढं वाचा.

शाळेच्या_वाटेवर

आणि उशिराबद्दल व्याज?

जुना_खतावणीवाला

आपणहून कोणी देत नाही. काही जण न्यायाधिकरणात जातात. तीस-बत्तीस हजारांसाठी जायचं का, ते बाईंनी ठरवावं.

गोदाकाठ

आधी टीए सुटू दे. सर्व्हिस बुकात दोन्ही वाढींची नोंद झाली का, तेही अजून कोणी दाखवलेलं नाही. सोमवारी त्यासाठीच जातेय.