प्रतिसाद: मुलांच्या बचत खात्याचं नाव

“नागपुरातल्या आमच्या सहकारी बँकेत मुलांसाठी बचत खातं सुरू करतोय. शुभंकर म्हणून संत्रं ठेवावं की वाघ? आणि नाव?”

दोन्ही नकोत. नागपुरात संत्रं आणि वाघ प्रत्येक पाटीवर आहेत, त्यात तुमचं खातं हरवेल. मी खार सुचवेन. सेतू बांधताना वाळूचे कण वाहणारी खार पोरांना आजीकडून माहीत असते, रामटेक तर जवळच आहे. खात्याचं नाव ‘खारीचा वाटा’, शुभंकर ‘खारू’. दहा रुपये भरणाऱ्या मुलालाही आपण कमी भरलं असं वाटणार नाही, कारण थोडंच आणायचं हे नावातच आहे.

एक अडचण मात्र आहे. सहकारी बँकेत ‘वाटा’ म्हटलं की काही पालकांना सभासदाचा शेअर वाटेल. म्हणून पासबुकावर, फॉर्मवर, पाटीवर कायम ‘खारीचा वाटा बचत खाते’ असं पूर्ण छापा. हिंदी बोलणाऱ्या घरांना ‘खार’ कळेलच असं नाही, तिथे चित्र काम करेल.

‘छकुला’, ‘बाळ’ असले शब्द टाळा. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या सूचनांनुसार बँक आपल्या धोरणाप्रमाणे दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला खातं स्वतः चालवू देऊ शकते. सातवीतला मुलगा काउंटरवर स्वतः सही करतो, त्याला ‘छकुला खाते’ म्हणायची लाज वाटते. नाव ठरण्याआधी अशा चार-पाच मुलांना ते काउंटरवर मोठ्याने म्हणायला लावा. कोण पुटपुटतं ते बघा.