ईएलएमध्ये तारीख चमकली म्हणून फोटो खोटा ठरतो का?

रोहित_०७
भिंतीला ओल आल्याचा एक फोटो आमच्या ग्रुपात फिरतोय, कोपऱ्यात केशरी तारीख आहे. मी फेरफार शोधायला ईएलए, म्हणजे एरर लेव्हल अ‍ॅनालिसिस, करून बघितलं तर अख्खी भिंत काळी आणि तारीख तेवढी पांढरीफटक. म्हणजे तारीख मागाहून टाकलीय, फोटो खोटा. आता आणखी काय पुरावा पाहिजे?

मकरंद
हे वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो. ईएलए फोटोला ठरावीक क्वालिटीवर, समजा ९५ वर, परत एकदा सेव्ह करतं आणि आधीच्या नि नंतरच्या पिक्सेलमध्ये किती फरक पडला तो वाढवून दाखवतं. एवढंच. कोणी कधी काय चिकटवलं हे त्याला माहीत नसतं. जेपेग ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनात काम करतं. सपाट भिंतीच्या चौकोनात साठवण्यासारखं फारसं काही नसतंच, त्यामुळे परत सेव्ह करून तिथे फरक पडत नाही, म्हणून काळं. तारखेच्या चौकोनात मात्र धारदार कडा आहेत, तिथे दर सेव्हला काहीतरी सुटतं. त्यात रंग केशरी. जेपेग उजेडापेक्षा रंगाची माहिती जास्त छाटतं, त्यामुळे भडक रंगाच्या कडा हमखास उजळतात. कॅमेऱ्याने फोटो काढतानाच तारीख छापली असती तरी ती अशीच दिसली असती! पटत नसेल तर तुझ्याच फोनमधला, हात न लावलेला, एखादी पाटी असलेला फोटो घे आणि हे चालव:

```python
from PIL import Image, ImageChops
im = Image.open("foto.jpg").convert("RGB")
im.save("punha.jpg", quality=95)
d = ImageChops.difference(im, Image.open("punha.jpg"))
d.point(lambda v: min(255, v * 20)).save("ela.png")
```

पाटीवरची अक्षरं झळकतील, मागची भिंत काळी राहील. मग ती पाटी पण खोटी म्हणायची का?

संदीप_कु
म्हणून ईएलए टाकाऊ ठरत नाही हो. फोटोचा जुना भाग परत परत सेव्ह होऊन बसलेला असतो, नव्याने चिकटवलेला भाग तेवढा मुरलेला नसतो, म्हणून तो उठून दिसतो. मी स्वतः यावरून गाडीची नंबरप्लेट बदललेला फोटो पकडलाय. प्लेट लखलखत होती.

मकरंद
मुरण्याचं बोललात ते बरोबर आहे, पण ते सारख्याची सारख्याशी तुलना केली तरच कामाचं. भिंतीची भिंतीशी, अक्षरांची अक्षरांशी. प्लेटवर अक्षरंच असतात, ती कुठल्याही फोटोत लखलखणार. फोटोत दुसरी गाडी होती का? तिची प्लेट कशी दिसत होती?

संदीप_कु
होती. तिची प्लेट खूपच मंद होती. आता बोला.

मकरंद
ती पण तेवढीच फोकसमध्ये होती का?

संदीप_कु
मागे होती, जराशी धूसर. पण माझा अंदाज खरा निघाला, त्या माणसाने नंतर कबूल केलं.

मकरंद
अंदाज खरा निघाला, मान्य. पण धूसर अक्षरं मंदच दिसणार, म्हणजे त्या चित्रावरून तो सिद्ध झाला नव्हता. तो कबूल झाला नसता तर तुमच्या हातात काय होतं?

अनघा_छाया
हा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. एका स्पर्धेत माझा पक्ष्याचा फोटो बाद केला. कारण काय, तर ईएलएमध्ये पक्षी उजळ आणि मागचं सगळं काळं, म्हणजे पक्षी दुसरीकडून आणून बसवला. अरे, लांब लेन्सने उघड्या अ‍ॅपर्चरवर काढलाय, मागचं विरघळलेलंच असणार! पिसांचा एकेक तंतू दिसतोय, तिथे फरक पडणार नाही तर कुठे पडेल? मी कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न झालेली रॉ फाइल देते म्हटलं, आजूबाजूच्या फ्रेम देते म्हटलं, कोणी उघडून बघितल्या नाहीत. तीन पहाटे बसले होते त्या एका फोटोसाठी.

संदीप_कु
तुम्ही शार्पनिंग केलं असणार. शार्पनिंग म्हणजे एडिटिंगच की.

अनघा_छाया
नियमात थोडं शार्पनिंग चालत होतं! आणि तुमचा फोन काय करतो ते माहितेय का? बटण एकदा दाबता, तो मागे अनेक फ्रेम काढून एकत्र करतो, चेहरा वेगळा, आभाळ वेगळं हाताळतो, वरून शार्पनिंग. पोर्ट्रेट मोडमध्ये तर मागचं धूसर तोच करतो, केसांची कड चुकवतो सुद्धा. मग तुमचे सगळेच फोटो एडिटेड.

संदीप_कु
फोनने आपोआप केलेलं आणि माणसाने फसवायला केलेलं यात फरक आहे. उगाच फाटे फोडू नका.

अनघा_छाया
तोच फरक ईएलएला कळत नाही, हेच तर मी सांगतेय! तुम्ही वाचताय की नुसतं भांडताय?

नीलिमा_डी
जरा थांबा दोघं. हे मोठ्या पातळीवरही झालंय. २०१३ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोचा पुरस्कार मिळालेल्या पॉल हॅन्सनच्या गाझामधल्या अंत्ययात्रेच्या फोटोवर नील क्रॅवेट्झने तो जोडकाम असल्याचा आरोप केला होता. हाच माणूस ज्याने २००७ मध्ये ईएलए लोकांपुढे आणलं. मग तज्ज्ञांनी रॉ फाइल आणि पुरस्काराची फाइल शेजारी ठेवून तपासली आणि निकाल दिला की उजेड आणि रंग ठिकठिकाणी कमीजास्त केलेत, पण बाहेरून काही आणून जोडलेलं नाही.

संदीप_कु
उजेड कमीजास्त केला म्हणजे हात लावलाच ना.

नीलिमा_डी
लावला. पण आरोप जोडकामाचा होता आणि तो टिकला नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिरीष
माझ्याकडे कामासाठी दाखल्यांचे स्कॅन येतात. निळा शिक्का नेहमी ईएलएमध्ये चमकतो. मग ते सगळे दाखले बनावट का? दोघांना मी परत पाठवलंय.

मकरंद
शिरीषभाऊ, कृपा करून त्या दोघांना परत बोलवा. निळा शिक्का म्हणजे भडक रंग आणि तीक्ष्ण कडा, खरा असला तरी चमकणारच. त्याच स्कॅनमध्ये त्याच शाईची सही असेल तर तिच्याशी ताडून बघा, आणि संशय उरलाच तर मूळ कागद मागवा.

आता उलटी बाजू, ती जास्त धोक्याची आहे. मी मुद्दाम करून पाहिलं. अनेकदा सेव्ह झालेल्या एका फोटोत रॉमधून काढलेली, कधीच जेपेग न झालेली खिडकी चिकटवली आणि ९२ वर सेव्ह केलं. ईएलएमध्ये खिडकीभोवतीचा चिकटवलेला प्लास्टरसुद्धा शेजारच्या प्लास्टरपेक्षा उजळ दिसला, अशी खूण कामाची. मग तोच फोटो १६०० पिक्सेल रुंदीला लहान करून ७५ वर सेव्ह केला, मेसेजमधून फिरताना असंच काहीसं होतं. खूण गेली. लहान करताना प्रत्येक पिक्सेल नव्याने मोजला जातो, चौकोन नव्याने आखले जातात, जुनं आणि नवं एकाच पातळीला येतं. रोहितचा फोटो ग्रुपातून फिरून आलाय, म्हणजे ईएलए स्वच्छ आलं असतं तरी त्याला अर्थ नव्हता.

रोहित_०७
बरं, "पुरावा" हा शब्द मागे घेतो. पण एक्झिफ, म्हणजे फाइलमधली कॅमेरा नि तारखेची माहिती, ते पण पूर्ण रिकामं आहे, त्याचं काय?

नीलिमा_डी
मेसेजमधून फोटो पाठवला की बहुतेक वेळा एक्झिफ गळतंच. रिकामं असण्यावरून काहीच ठरत नाही. आणि भरलेलं असलं तरी ते हाताने बदलता येतं.

रोहित_०७
मग मी करू तरी काय? सगळंच बाद केलंत तुम्ही.

मकरंद
ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागव, आणि त्याच कॅमेऱ्याने तारीख छापलेले आणखी दोन-चार फोटो. तारखेचा फाँट, आकडे कोपऱ्यापासून किती पिक्सेलवर सुरू होतात, दोन आकड्यांतलं अंतर, हे त्याच साइजच्या, तसाच धरून काढलेल्या फोटोंत सारखं असायला हवं. चिकटवणारा इथे चुकतो.

संदीप_कु
आणि त्याने मूळ फाइल दिलीच नाही तर? माझ्या वेळी दिली नव्हती.

रोहित_०७
मागितलीय. डिलीट झाली म्हणतोय.