नुसतं "कृपया मदत करावी" एवढंच आलं तर

प्रेषक: मंजिरी (मेलिंग लिस्टची व्यवस्था)
विषय: काल रात्रीचा एका ओळीचा निरोप

सर्वांना नमस्कार,

काल रात्री एका नव्या सभासदाचा पहिलाच निरोप आला. विषयाची जागा रिकामी होती आणि मजकूर एवढाच: "नमस्कार. कृपया मदत करावी." खाली फक्त नाव. सकाळी उठून पाहते तर चार उत्तरं गेलेली. एकांनी मंडळाच्या मदतनिधीचा अर्ज पाठवला, दुसऱ्यांनी भाड्याची घरं कुठे बघायची ते सांगितलं, तिसऱ्यांनी बायोडेटा मागितला. चौथ्यांनी सगळ्यांना बजावलं की ही फसवणूक आहे, कुणी उत्तर देऊ नका. त्या सभासदाकडून त्यानंतर अक्षरही आलेलं नाही.

तूर्त त्यांना सुलभाताई एकट्याच लिहीत आहेत, बाकी सगळ्यांनी थांबावं. पुढच्या वेळी असा निरोप आला तर काय करायचं, ते मात्र इथेच ठरवू या.

मंजिरी

———

प्रेषक: निखिल

मंजिरी, चौथं उत्तर माझं होतं आणि माझं मत अजून तेच आहे. कुणाचा तरी मेल ताब्यात घ्यायचा, ओळखीच्यांना "जरा मदत हवी होती" एवढंच लिहायचं, उत्तर आलं की गिफ्ट कार्ड घेऊन त्याचे आकडे पाठवायला सांगायचं, ही फसवणुकीची अगदी ठरलेली पद्धत आहे. पहिला निरोप मुद्दाम मोघम ठेवतात, कारण गळाला कोण लागतं ते त्यांना आधी बघायचं असतं. आधी `Reply-To` मधला पत्ता `From` मधल्या पत्त्याशी जुळतो का ते बघा. जुळत नसेल तर निरोप सरळ काढून टाका. एकाने जरी उत्तर दिलं तरी आपला पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं.

निखिल

———

प्रेषक: सुलभा

निखिल, पद्धत तू सांगतोस तशीच आहे आणि पत्ता तपासायलाच हवा. पण तेवढ्यावरून निकाल लागत नाही. मेल ताब्यात गेलेला असेल तर उत्तर त्याच पत्त्यावर जातं, म्हणजे पत्ते जुळूनही फसवणूक असू शकते. उलट एखादा माणूस दोन पत्ते वापरत असेल तर ते जुळणार नाहीत, आणि तरी माणूस खरा असेल.

माझं म्हणणं असं की पहिलं उत्तर देताना ते ठरवायची गरजच नाही. आपण पैसे, फोन नंबर, घरचा पत्ता यातलं काही देत नाही. फक्त काय झालंय एवढं विचारतो. समोर भामटा असेल तर दुसऱ्या निरोपात तो पैशांवर येईल, घाई करेल, "कुणाला सांगू नका" म्हणेल. खरा अडलेला माणूस असेल तर तो काय घडलं ते सांगेल. एकच उत्तर दोघांनाही चालतं. फसवणूक समजून निरोप पुसून टाकला, तर त्या अडलेल्या माणसाला मात्र आपण गमावलं.

माझी सगळी नोकरी ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात गेली आणि निवृत्तीनंतर मी एका मदतवाहिनीवर बसते. दोन्ही ठिकाणी हाच प्रश्न रोज समोर असतो. माणूस आधी जे मागतो ते बहुतेकदा त्याला हवं असलेलं नसतंच, कारण समोरच्याकडे काय मिळेल याचा अंदाज बांधून तो मागतो. रॉबर्ट टेलर यांनी 1968 मध्ये ग्रंथालयांच्या संदर्भात हे नीट मांडलं होतं. पुढे 1986 मध्ये ब्रेंडा डर्विन आणि पॅट्रिशिया ड्यूडनी यांनी त्यावर विचारण्याची एक रीत सुचवली. माणूस कोणत्या परिस्थितीत आहे, कुठे अडलाय आणि काय मिळालं तर त्याचं पुढचं सुटेल, एवढंच विचारायचं. विषयाचं नाव आपण घ्यायचं नाही.

विषयाचं नाव आपण घेतलं की काय होतं ते कालच दिसलं. "पैशांची अडचण आहे का?" असं विचारलं की थकलेला, संकोचलेला माणूस "हो, तेही आहेच" म्हणतो आणि खरी गोष्ट बाजूला राहते. किंवा त्याला वाटतं, हे लोक पैशांची आणि घराचीच मदत करतात, आपलं काम इथलं नाही. मग तो गप्प बसतो.

"कृपया सविस्तर माहिती द्यावी" हेही मी लिहीत नाही. ज्याला एका ओळीपलीकडे लिहिता आलं नाही त्यालाच आपण निबंध लिहायला सांगतो. "आधीच का नाही लिहिलंत?" हा प्रश्न तर त्याला आरोपीच करतो.

आज सकाळी मी फक्त त्यांच्याच पत्त्यावर हे पाठवलं:

"नमस्कार. मी सुलभा, मंडळाची स्वयंसेवक. तुमच्या निरोपातली 'कृपया मदत करावी' ही ओळ मिळाली. आणखी काही लिहिलं किंवा जोडलं असेल तर ते आमच्यापर्यंत आलेलं नाही. तुम्ही आणि घरचे आत्ता सुरक्षित आहात ना? जिवाला धोका असेल तर आधी आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. तसं नसेल तर काय झालंय ते सुचेल तसं लिहा, एक ओळही पुरे. कधीपर्यंत काही व्हायला हवं तेही कळवा. हे पत्र फक्त मी आणि तुम्हीच वाचतो आहोत."

सुरक्षिततेचा प्रश्न मुद्दाम आधी घातलाय, कारण त्याचं उत्तर "नाही" असेल तर बाकीचं सगळं थांबवावं लागतं. आणि काय मिळालं नाही ते स्पष्ट सांगितलंय, कारण आपण सगळं लिहिलंय, पाठवलंय असंच त्यांना वाटत असू शकतं.

सुलभा

———

प्रेषक: वसंत

सुलभाताई, मंजिरी,

नव्या सभासदांना लिहिण्याची शिस्त लावायला हवी असं मला वाटतं. मी एक अर्ज सुचवतो: नाव, सभासद क्रमांक, आणि अडचणीचा प्रकार निवडायला एक यादी, म्हणजे आरोग्य, घर, कायदा, नोकरी, इतर. अर्ज भरल्याशिवाय निरोप पुढे जाऊ नये.

माझाच अनुभव सांगतो. माझी पत्नी वारली त्या आठवड्यात मीही मेलिंग लिस्टवर "कोणी मदत करेल का" एवढंच लिहिलं होतं. आठ-दहा जणांनी फोन नंबर पाठवले, फोन कधीही करा म्हणाले. मी एकालाही केला नाही. कुणाला करायचा आणि काय बोलायचं, तेच कळत नव्हतं. अर्ज असता तर निदान एका ठिकाणी खूण केली असती.

वसंत

———

प्रेषक: सुलभा

वसंतकाका, हे तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. पण विचार करा, त्या आठवड्यात तुम्ही कोणत्या प्रकारावर खूण केली असती? ती यादी म्हणजेसुद्धा आपले अंदाजच, आधी छापून ठेवलेले. ज्याची अडचण त्यात बसत नाही तो "इतर"वर खूण करतो, आणि आपण पुन्हा "कृपया मदत करावी"पाशीच येतो. निरोप कसा लिहावा हे इथे ठरवायचं नाहीये. आलेल्या निरोपाला आपण काय उत्तर द्यायचं ते ठरवायचंय.

तुमच्या गोष्टीतून मला दिसतं ते असं, की नंबर देणाऱ्या आठ-दहा जणांपैकी प्रत्येकाला वाटलं असणार, दुसऱ्या कुणाशी तरी काका बोलले असतील. म्हणून एकाच माणसाने उत्तर द्यायचं, आणि "अमुक व्यक्ती बोलते आहे" एवढी एक ओळ मेलिंग लिस्टवर टाकायची. फोनही त्या व्यक्तीनेच करायचा, तुमच्यावर सोडायचा नाही.

सुलभा

———

प्रेषक: मंजिरी

एक गोष्ट सापडली. व्यवस्थेची नोंद पाहिली तर त्या निरोपाला एक छायाचित्र जोडलेलं होतं. आपल्या सेटिंगमध्ये जोडलेली चित्रं गाळली जातात आणि नुसता मजकूर पुढे जातो. पाठवणाऱ्याला त्याची सूचनाही जात नाही. म्हणजे त्यांच्या बाजूने निरोप पूर्ण होता, आपल्याला मात्र ओळच मिळाली.

शिवाय नव्या सभासदाचा पहिला निरोप मंजुरीसाठी अडून राहतो. हा दुपारी आलेला होता, मी रात्री सोडला.

मंजिरी

———

प्रेषक: सुलभा

त्यांचं उत्तर आलं. नाव न घेता इथे सांगायला त्यांनी परवानगी दिली आहे.

छायाचित्र रुग्णालयाच्या, इथल्या भाषेतल्या कागदाचं होतं. पत्नीची छोटी शस्त्रक्रिया परवा आहे, त्याच दिवशी घरी सोडणार आहेत. निखिल, मला माहीत आहे तू आता "भाषांतर हवंय" म्हणशील. मलाही तसंच वाटलं असतं, आणि संमतीपत्राचा अर्थ आपण लावू नये, रुग्णालयाकडे दुभाषी मागावा, असं लिहायला मी बसलेच होते. त्याआधी विचारलं: "या कागदातलं तुम्हाला कुठे अडलंय? काय झालं म्हणजे सोपं जाईल?"

कागद त्यांना पूर्ण समजला होता. एका ओळीखाली त्यांनी पेनाने रेघ मारली होती: भूल दिल्यानंतर घरी पहिले 24 तास जबाबदार प्रौढ व्यक्ती रुग्णाजवळ हवी. नेमकी त्याच रात्री त्यांची रात्रपाळी आहे, नोकरी नवी आहे, रजा मिळत नाही. त्यांना त्या एका रात्री पत्नीजवळ थांबणारी बाई हवी होती. परक्यांकडे असं काही लेखी मागायचा संकोच वाटला, म्हणून ओळीखाली रेघ मारली आणि कागदच पाठवला.

दोन भगिनींनी होकार दिलाय. त्या दोघींशी पत्नीचं फोनवर बोलणं करून देते, कुणी थांबायचं ते त्या ठरवतील.

सुलभा

———

प्रेषक: निखिल

बरं झालं कळलं. पण प्रत्येक वेळी कागद जोडलेला नसेल. ताई, उत्तरच आलं नाही तर? सभासदनोंदणीत फोन नंबर असतो, आपण सरळ फोन का करू नये? मेल चोरीला गेला असेल तर खऱ्या माणसाला तेही कळेल.

निखिल

———

प्रेषक: सुलभा

मेल चोरीला गेल्याचा संशय असेल तर नोंदणीतल्या नंबरवर फोन करणं हाच उत्तम उपाय, तिथे मी तुझ्याशी सहमत आहे. पण एका ओळीचा निरोप कधी कधी अशा घरातून येतो जिथे शेजारी बसलेला माणूसच भीतीचं कारण असतो. ओळ अर्धवट राहिली कारण कुणीतरी खोलीत आलं. तिथे "तुम्ही मदत मागितली होती ना?" असा फोन गेला आणि तो दुसऱ्याने उचलला, तर निरोप पाठवणारीला आपणच अडचणीत आणू. म्हणून मी एका दिवसाने दुसरं, पहिल्याहून छोटं पत्र लिहिते: "बोलणं सोयीचं आहे का? हो किंवा नाही एवढंच कळवा." फोन करावाच लागला तर निमित्त मंडळाच्या सभासदत्वाचं सांगते आणि मदतीचा विषय तीच व्यक्ती बोलत असल्याशिवाय काढत नाही.

सुलभा

———

प्रेषक: वसंत

दुसऱ्या पत्रालाही उत्तर आलं नाही तर? मी त्या वेळी कुठल्याच पत्राला उत्तर दिलं नव्हतं. दार वाजवणारं कुणी आलं असतं तर मी उघडलं असतं. ताईंची काळजी मला समजते, तरी हे मला पटत नाही.

वसंत

———

प्रेषक: मंजिरी

काकांच्या प्रश्नावर आपलं एकमत नाही. तो कार्यकारिणीच्या बैठकीत ठेवते, काकांनी आणि सुलभाताईंनी दोघांनीही यावं.

तोपर्यंत दोन बदल आजपासून. जोडलेलं काही गाळलं गेलं तर मला लगेच सूचना येईल आणि मी पाठवणाऱ्याला तसं कळवेन. नव्यांचा अडलेला पहिला निरोप सकाळ-संध्याकाळ पाहिला जाईल. सकाळ मी घेते. संध्याकाळसाठी कुणीतरी हवं आहे.

मंजिरी

———

प्रेषक: निखिल

संध्याकाळ मी बघतो. ताईंचं पत्र मला पाठवून ठेवा.

निखिल