कोपरे फुगतात कारण नोझल तिथं रेंगाळतं

> जळगावात भाड्याच्या खोलीत रात्री थ्रीडी प्रिंटर चालतो. ॲक्सेलरेशन ५००, जर्क ३ केला. आवाज बसला, पण नेमप्लेटचे कोपरे फुगले आणि वेळ खूप वाढला.

भाऊ, कोपरा फुगतोय तो जर्कमुळे. मार्लिन फर्मवेअरमध्ये जर्क म्हणजे एका अक्षाचा वेग एकदम किती बदलू द्यायचा ती मर्यादा. ३ ठेवला तर काटकोनात नोझल ६० वरून जेमतेम ३ मिमी/सेकंदावर येतं. आतला दाब मात्र लगेच उतरत नाही, म्हणून प्लास्टिक तिथंच साचतं. कोपऱ्यानंतर भिंतीवर लाटा दिसल्या असत्या, तर उलट ॲक्सेलरेशन जास्त आहे म्हटलं असतं.

वेळेचं गणित नेमप्लेटच्या बारीक अक्षरांत आहे. या हिशोबात जर्क धरू नका. ६० च्या वेगानं १०० मिमी रेषेला ॲक्सेलरेशन १५०० वर १.७१ सेकंद, ५०० वर १.७९, फरक किरकोळ. पण ५ मिमी रेषेला ०.१२ चे ०.२० होतात, कारण ५०० वर ती ६० चा वेग गाठतच नाही.

ॲक्सेलरेशन राहू द्या, जर्क वाढवा:

```
M204 P500
M205 X8 Y8
```

फर्मवेअर जर्कऐवजी जंक्शन डेव्हिएशनवर असेल तर दुसरी ओळ चालणार नाही. स्लायसरही हे आकडे बदलत नाही ना, ते बघा. तरी कोपरा जाड आला तर नोझलमधला दाब सावरणाऱ्या लिनिअर ॲडव्हान्सचा K लावा. जर्क २० वर नेलात की प्रत्येक वळणाला ठकठक परत सुरू. पंख्याची घरघर यातल्या कशानंच जाणार नाही.