१४ किलो ८०० ग्रॅमला एक गोळी की दोन? आणि उलटी झाली तर?

धागाकर्ती (घाटकोपर): मुलाला फॅल्सिपेरम मलेरिया निघालाय, वय ४, वजन १४.८ किलो. आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन २०/१२० ची १-१ गोळी, दिवसातून दोनदा, ३ दिवस. तक्त्यात १५ किलोपासून २ गोळ्या आहेत. २०० ग्रॅमसाठी निम्मा डोस? शिवाय संध्याकाळी ७ ला दिलेली पहिली गोळी ७.२५ ला उलटली. केमिस्ट म्हणतो परत देऊ नका, जास्त होईल. पटत नाही.

मालाडचा_सुहास: दोन द्या, तापात वजन घटतंच, खरं वजन १५ च्या वरच असणार. आणि उलटीचा नियम सोपा आहे: ३० मिनिटांच्या आत पूर्ण डोस, ३० ते ६० मध्ये अर्धा.

बालरोग_परळ: सुहास, अर्ध्याचा नियम मेफ्लोक्वीनसारख्या दुसऱ्या औषधांचा आहे. या गोळीला तासाच्या आत उलटी झाली की पूर्ण डोस परत. त्यामुळे २५ मिनिटांवर केमिस्टचा सल्ला चुकीचा. गोळी बाहेर आली तर जास्त व्हायचा प्रश्नच नाही, भीती कमी पडण्याची. तासानंतर उलटी झाली तर परत देऊ नका, ठरलेल्या वेळेला पुढचा डोस.

आता वजन. एका गोळीत ल्युमेफँट्रिन १२० मिग्रॅ, म्हणजे १४.८ किलोला दर किलोमागे ८.१ मिग्रॅ. १५ किलोच्या मुलाला २ गोळ्यांत १६ मिळतात, ५ किलोच्या बाळाला एकाच गोळीत २४. म्हणजे गटाच्या वरच्या टोकाचं मूल सगळ्यात कमी औषधावर असतं. तरीही ते मान्य मर्यादेत बसतं, म्हणून डॉक्टरांनी लिहिलेलं चूक नाही.

औषधवाला_दादर: गोळीचा आकार कोणी विचारलाच नाही. याच औषधाची ८०/४८० ची गोळीही मिळते. 'एक गोळी' म्हणून ती हातात आली तर एका वेळेला चौपट डोस. सिरपच्याही ताकदी वेगवेगळ्या आहेत, ५ मिलीत किती मिग्रॅ ते बाटलीवर बघा.

दुसरं, पाकिटात ६ डोसच्या ६ गोळ्या असतात. उलटलेल्याच्या जागी त्यातलीच दिली की शेवटी एक कमी पडते, आणि घरात वाटतं कोर्स झाला. बदली गोळी नव्या पाकिटातून घ्या.

विक्रोळीची_मावशी: आमच्या नातीला मलेरियात क्लोरोक्वीन आणि १४ दिवस प्रायमाक्वीन दिलं होतं. या मुलाला फक्त ३ दिवस? डॉक्टर अर्धवट तर सोडत नाहीत ना?

बालरोग_परळ: मावशी, ती व्हायवॅक्सची पद्धत, हा वेगळा परोपजीवी आहे.

मालाडचा_सुहास: अर्ध्याचं मान्य. पण डोस परत देण्याची मुदत १५ मिनिटं आहे ना? राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०१३ च्या सूचनांमध्ये तेच वाचलंय.

बालरोग_परळ: त्या १५ मिनिटांचा अर्थ असा, की पहिल्या डोसनंतर रुग्णाला समोर बसवून ठेवा, उलटी झालीच तर थोडी विश्रांती देऊन परत द्या. घरी घड्याळ तासाचं धरा.

या मुलापुरतं सांगायचं तर: ताप चढलेला असेल तर आधी पॅरासिटामॉल. उलटीनंतर १०-१५ मिनिटं शांत बसू द्या. मग गोळी चमचाभर पाण्यात कुस्करून हळूहळू पाजा, वर घोट-घोट दूध. साय काढू नका, ल्युमेफँट्रिन शोषायला स्निग्ध पदार्थ लागतो, उपाशीपोटी बरंचसं वाया जातं. ७.४० ला दिलेली गोळी पोटात राहिली तर पुढची ८ तासांनी, म्हणजे पहाटे ३.४० ला. 'दिवसातून दोनदा' ऐकून लोक इथे १२ तास धरतात. बाकीच्या चार मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी, १२ तासांच्या अंतराने.

परत दिलेली गोळीही उलटली तर तिसऱ्यांदा घरी देऊ नका, रात्र असली तरी रुग्णालयात न्या, आर्टेसुनेटचं इंजेक्शन लागेल. मूल मलूल पडलं, झटका आला, काहीच पीत नसेल तर तेवढीही वाट नको. आणि उलटीचं ऑन्डॅन्सेट्रॉन सिरप मनाने देऊ नका, दोन्ही औषधं हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम करतात. डॉक्टरांना विचारूनच.

औषधवाला_दादर: मग १४.८ चं काय? आजारपणात घटलेलं वजन धरायचं का? १५ ला दोन चालतात तर १४.८ ला विष होणार नाही.

बालरोग_परळ: विष नाही, दर किलोमागे १६.२ मिग्रॅ होईल. पण काटा २०० ग्रॅम इकडे-तिकडे दाखवतोच. बूट-कपडे काढून परत वजन करा आणि आजारापूर्वीची नोंद असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा. मी आजचं वजन धरतो, एक गोळी दुधासोबत देतो आणि ताप तिसऱ्या दिवशीही टिकला तर रक्ततपासणी परत करतो. कुपोषित मुलात माझा हात अडखळतो, तिथे औषधाची पातळी आणखी खाली जाते.

मालाडचा_सुहास: म्हणजे तुम्हालाही खात्री नाही!

बालरोग_परळ: १४.८ ला नाही. ७.२५ च्या उलटीला आहे.