नणंदेचं नुसतं 😪 आलं, याला काय म्हणायचं?

मल्हारगंजची सून: साखरपुड्याला येताय ना, विचारलं. रात्री पावणेबाराला उत्तर काय, तर 😪 आणि खाली एक टिंब. शब्द नाही. रडून दाखवतायत की टोमणा मारतायत? माझ्या मते सरळ रुसवा आहे.

राजवाड्याचा बाब्या: अहो काकू, आधी ते चित्र मोठं करून बघा. तो थेंब डोळ्यातून नाही, नाकातून आलाय. जपानी कॉमिक्समध्ये माणूस गाढ झोपला की नाकाशी असा फुगा काढतात, आणि युनिकोडमध्ये याचं नावच sleepy face आहे. रडणारे वेगळे, 😢 आणि 😭. आता खरी अडचण अशी की छोट्या स्क्रीनवर तो थेंब अश्रूच वाटतो, म्हणून निम्मे लोक रडण्यासाठीच वापरतात, म्हणजे नुसतं चित्र बघून ठरणार नाही. वन्संनी हेच आधी कधी टाकलंय ते जुन्या चॅटमध्ये बघा. रात्री उशिरा 'चला झोपते'सोबत असेल तर विषय संपला. आणि सकाळी एवढंच विचारा, 'किती पानं मांडू?' त्याला आकडाच द्यावा लागतो.

वकीलसाहेब: झोपेचं मान्य, पण टिंबाचं काय? टिंब म्हणजे राग, अमेरिकेत यावर अभ्यास झालाय.

राजवाड्याचा बाब्या: झालाय, २०१५ साली, बिंगहॅम्टन विद्यापीठात. पण तो 'हो.' अशा एका शब्दाच्या उत्तरापुढच्या टिंबाचा होता. ते लोकांना कमी मनापासूनचं वाटलं, आणि तेच हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत काही फरक पडला नाही. शब्दच नाही तिथे तो लावणार कुठे? सुटं टिंब लोक नेट चालू आहे का बघायलाही टाकतात, नाहीतर झोपेत अंगठा लागतो.

वकीलसाहेब: बरं, तुम्ही म्हणाल तसं, प्रोफेसर.

सुदामानगरचे आप्पा: हे सगळं राहू द्या, 🙏 चं बोला. आमच्या ग्रुपवर सुप्रभातला 🙏, वर्गणी मागितली की 🙏, कोणी गेलं तरी 🙏. परवा मी गणपतीच्या वर्गणीचा हिशोब विचारला, खजिनदाराचं 🙏. याचा अर्थ देतो की माफ करा?

परदेशीपुऱ्याचा भिया: आप्पा, राग मानू नका, पण वहिनींच्या काकांच्या श्रद्धांजलीवर 😂 कोणी टाकलं होतं?

सुदामानगरचे आप्पा: ते मला रडणं वाटलं! डोळ्यांतून पाणी येतंय ना त्याच्या!

परदेशीपुऱ्याचा भिया: तोंड पण उघडून हसतोय ना! वहिनी आठवडाभर बोलल्या नव्हत्या.

राजवाड्याचा बाब्या: बघा, हेच म्हणतोय. आप्पा खरंच रडत होते. चित्र हसत होतं.

सुदामानगरचे आप्पा: माझी वकिली नको. खजिनदार इथेच आहे, वाचतोय, निळ्या टिका दिसतायत. हिशोब टाक रे बाबा, अक्षरांत.

खजिनदार: 👍

सुदामानगरचे आप्पा: आता हे काय?